भिंतींना माणसं मोजता येत नाहीत

बेंगळुरूच्या राजाजीनगरात भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एष्टु जना?" किती माणसं? मी बेळगावची, एवढं कन्नड मला झोपेतही समजतं. "ओब्बळे," मी सांगते. एकटीच. यावर मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर दोन भाव पाठोपाठ उमटतात. पहिला आनंदाचा. एकटी म्हणजे पाणी कमी, जिन्यात चपला कमी, भिंतीवर खडूची चित्रं नाहीत. दुसरा संशयाचा. एकटी का? पण आनंद होवो की संशय येवो, भाड्याच्या आकड्यात एक रुपयाचा फरक पडत नाही. चौघांच्या कुटुंबाला जे भाडं, तेच एकटीला. घराचं भाडं भिंतींवर ठरतं आणि भिंतींना माणसं मोजता येत नाहीत.

आमच्या भागातली घरं बहुतेक 'थर्टी-फॉर्टी' साइटवरची. तीस फूट बाय चाळीस फूट जमीन, खाली ओनर आंटी, वर एकेक मजला चढवत नेलेला आणि मजल्यागणिक भाडेकरू. माझ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं आहेत, एकमेकांची हुबेहूब. एक हॉल, एक बेडरूम, एक किचन आणि 'युटिलिटी' नावाची जागा, जिथे वॉशिंग मशीन उभं राहतं किंवा माणूस उभा राहतो, दोघं एकदम नाही. एका घरात मी राहते. समोरच्या घरात नवरा-बायको राहतात, दोघेही कमावते. दोन्ही घरांचं भाडं 18,000. फरक इतकाच की तिथे ते दोन पगारांतून जातं आणि इथे एकातून.

माझ्या हातात महिन्याला 52,000 पडतात. पीण्या भागातल्या एका कंपनीत मी हिशेबाच्या खात्यात आहे, त्यामुळे आपल्या पैशाचं काय होतं हे न कळण्याची सवलत मला नाही. पैसे कसे वाचवावेत यावर जे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात आरोपी बहुधा एकच असतो, कॉफी. रोजची कॉफी सोडा, तीस वर्षांनी लखपती व्हा. बेंगळुरूत राहून कॉफी सोडायची, म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरायचा. म्हटलं, आरोप करण्याआधी जबान्या तरी घेऊ.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने 2005 साली एका पुस्तकातून लोकप्रिय केलेला एक नियम आहे. पगाराचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. नियम सुटसुटीत आहे. पण गरज कुठली आणि हौस कुठली, या वादात एकट्या माणसाचा निम्मा रविवार जातो आणि वाद घालायला समोर कोणी नसल्यामुळे दोन्ही बाजू त्यालाच मांडाव्या लागतात. मी वेगळी वाटणी केली. पहिला खर्च भिंतींचा, म्हणजे मी घरात असो वा नसो, होणारच. दुसरा पोटाचा, म्हणजे मी असले तरच होणारा. तिसरा वर्षाचा, म्हणजे वर्षातून एकदाच येणारा आणि दर वर्षी 'अचानक' येणारा.

भिंतींपासून सुरुवात करू. भाडं 18,000, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं भाडं वेगळं असतं. बेंगळुरूत घर घेताना 'अ‍ॅडव्हान्स' द्यावा लागतो. एके काळी तो दहा महिन्यांच्या भाड्याएवढा मागायची पद्धत होती, आता बरेच जण पाच-सहा महिन्यांवर तयार होतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण 'आदर्श' याचा अर्थ राज्याने स्वीकारला तर लागू, आणि आंटींनी स्वीकारला तर खराच लागू. मी सहा महिन्यांचे म्हणजे 1,08,000 रुपये दिले. हे पैसे माझेच आहेत, परत मिळणार आहेत, पण तोवर त्यांच्यावरचं व्याज आंटींचं. सहा टक्क्यांनी वर्षाला 6,480, महिन्याला 540. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतात. भिंती तुम्ही मळवल्या असोत वा नसोत, रंग तुमच्याकडून. मी तीन वर्षं राहीन असं धरलं तर 18,000 भागिले 36, महिन्याला 500. घर शोधून देणाऱ्या एजंटानेही एक महिन्याचं भाडं घेतलं, ते आणखी 500. म्हणजे 18,000 च्या घराचं खरं भाडं झालं 19,540. वर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि नव्या करारात पाच टक्के वाढ येते. अकराच महिने का, तर वर्षाहून मोठा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो आणि तो खर्च दोन्ही बाजूंना नको असतो. मालक आणि भाडेकरू यांचं मनापासून एकमत होतं ते या एकाच कलमावर.

त्यात मेंटेनन्स 1,200, इंटरनेट 700, केर-भांड्यांच्या अक्कांचे 2,000. भिंतींचं एकूण 23,440. यातली कुठलीही रक्कम माझ्याकडे बघून ठरलेली नाही. मी गणपतीला दहा दिवस बेळगावला गेले तरी इंटरनेट रिकाम्या हॉलमध्ये इमानदारीने येत राहतं.

वीज मात्र मी भिंतींत धरली नाही, कारण कर्नाटकात 2023 पासून 'गृहज्योती' आहे. या योजनेत 200 युनिटपर्यंत वीज फुकट, असं लोक सांगतात. ते अर्धं खरं आहे. फुकट मिळते ती तुमच्या मीटरच्या 2022-23 मधल्या मासिक सरासरीएवढी आणि वर थोडी. 200 ही बाहेरची भिंत झाली. ती ओलांडली तर पूर्ण बिल भरायचं. सरासरी आणि 200 यांच्या मधे राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. आमचा मजला नंतर चढवलेला, मीटर नवा, त्याला जुना इतिहासच नाही. अशा मीटरला राज्याची सरासरी 53 युनिट आणि त्यावर दहा टक्के, म्हणजे 58 युनिट मिळतात. भाडेकरूलाही हा लाभ आहे. भाडेकरार, आधार आणि बिलावरचा आरआर नंबर एवढं जोडावं लागतं. फक्त आधीच्या भाडेकरूने जाताना आपलं आधार त्या मीटरवरून सोडवलेलं आहे ना, हे चावी घेण्याआधी विचारून घ्यावं. घर सोडणारा माणूस पडद्याच्या रिंगासुद्धा आठवणीने काढून नेतो, पण आधार मीटरलाच लटकवून जातो.

तर 58 युनिटांत एक माणूस कसा बसतो? फ्रिज महिन्याला 25 च्या आसपास. दोन किलोवॅटचा गीझर रोज पंधरा मिनिटं, म्हणजे अर्धा युनिट, महिन्याचे 15. कमी विजेचा पंखा 10. दिवे, लॅपटॉप, मिक्सर मिळून 8. झाले बरोबर 58. वॉशिंग मशीन लावलं की मी सरकारच्या मायेबाहेर जाते. आता यातली गंमत बघा. समोरच्या घरात दोघं आहेत, त्यांचा गीझर दुप्पट चालतो, पण फ्रिज? त्यालाही 25 च. फ्रिजमध्ये एका माणसाची अर्धी वाटी आमटी असो की दोघांचं भरलेलं पातेलं, थंड करायचं कपाट तेवढंच. माझ्या घरात फ्रिज एकटा माझ्या आंघोळीपेक्षा जास्त वीज खातो. एकटं राहण्याचं अर्थशास्त्र समजून घ्यायला एवढा एक फ्रिज पुरतो.

आता पोटाचा खर्च. किराणा, दूध, भाजी 4,500. गॅस 200. बाहेरचं खाणं 2,500. मेट्रो आणि रिक्षा 1,500. मोबाइल 350. साबण-शाम्पू-औषधं 1,000. बेरीज 10,050. यातल्या प्रवासाचा आकडा याहून कमी होऊ शकतो, कारण कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना 2023 च्या जूनपासून तिकीट नाही. त्यासाठी आधारवर कर्नाटकातला पत्ता लागतो. माझ्या आधारवर बेळगाव आहे. त्या पत्त्यावरून घराण्यात तीन पिढ्या तावातावाने बोलत आल्या आहेत. त्याच पत्त्यावर मी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट घेते आणि तात्त्विक चर्चा थांब्यावरच सोडून चढते. उशीर झाला की मात्र मेट्रोला शरण जावं लागतं. मेट्रोला माझा पत्ता कोणता याच्याशी देणंघेणं नाही.

भाजीत एकट्या माणसाची खरी परीक्षा होते. फ्लॉवरचा गड्डा तीस रुपयांना येतो. सोमवारी त्याची भाजी होते, मंगळवारी भाजी, बुधवारी पराठा, गुरुवारी पश्चात्ताप. निम्मा टाकून दिला तर खाल्लेल्या निम्म्याची किंमत तीसच राहते, म्हणजे फ्लॉवर दुप्पट महाग पडला. 'मोठं पाकीट स्वस्त' हा नियम एकट्या घरात पाकीट संपेल तेव्हाच खरा ठरतो. त्यामुळे मी भाजी हॉपकॉम्समधून घेते. शेतकऱ्यांच्या या सहकारी संस्थेची दुकानं बेंगळुरूत जुनी आहेत आणि तिथे वजनावर घेता येतं. दोन गाजरं मागितली तर दोन गाजरं देतात. काट्यावर ती फार एकाकी दिसतात, पण पूर्ण खाल्ली जातात. डाळ-तांदूळ-साखर मात्र मोठं घेतलं तरी चालतं, कारण ते वाट बघतात. नासणारं थोडं आणि टिकणारं जास्त, एवढा एक नियम पाळला तर किराण्याचा आकडा ताळ्यावर राहतो.

गॅसची गोष्ट निराळी. रोज शंभर ग्रॅम जळतो असं धरलं तर 14.2 किलोचा सिलिंडर मला साडेचार-पावणेपाच महिने जातो. महिन्याला दोनशेचा खर्च, कोणी त्याच्याकडे वळूनही बघणार नाही. पण सिलिंडर येतो सकाळी अकराला, कामाच्या दिवशी, आणि मोबाइलवर आलेला कोड सांगायला घरी माणूस लागतं. 52,000 भागिले कामाचे 26 दिवस, म्हणजे माझा एक दिवस 2,000 चा. अर्ध्या दिवसाची रजा टाकली तर सिलिंडर आणायला जवळजवळ दुसऱ्या सिलिंडरची किंमत मोजली. प्लंबर, फ्रिज दुरुस्त करणारा, इंटरनेटवाला, सगळ्यांचं हेच. 'घरी कोणीतरी असतं ना?' या साध्या वाक्यात एका माणसाचा पगार गृहीत धरलेला असतो. छोटा पाच किलोचा सिलिंडर एकट्या माणसाला सोयीचा वाटतो खरा, पण तो पन्नास दिवसांत संपतो, म्हणजे अकराचं नाटक वर्षातून तीनाच्या जागी सात वेळा. उपाय म्हणजे अनामत भरून दुसरा सिलिंडर घेऊन ठेवायचा. पहिला संपला की घाई नसते, सुट्टीचा दिवस बघून नंबर लावता येतो. दुसरा उपाय आंटी. त्या सिलिंडर घेऊन ठेवतात आणि बदल्यात फक्त वीस मिनिटं मागतात. वीस मिनिटांत माझ्या लग्नाचा विषय निघतो, पण रजा वाचते.

बाहेर खाण्याचं म्हणाल तर कॉफीची जबानी इथेच येते. दर्शिनी ही बेंगळुरूची खास गोष्ट. काउंटरवर पैसे द्यायचे, उभ्याने खायचं, पाच मिनिटांत बाहेर. तिथे एका पिठाचे, एका शेगडीचे, एका सांबाराच्या टोपाचे शेकडो वाटेकरी असतात. एकट्या माणसाला घरात जी वाटणी मिळत नाही ती दर्शिनीच्या उंच टेबलाशी मिळते. उलट तोच डोसा अ‍ॅपवरून मागवला की डोशाचे पैसे, डब्याचे पैसे, आणण्याचे पैसे, अ‍ॅपचे पैसे आणि त्यावर कर. चौघांनी चार डोसे मागवले असते तरी आणणावळ एकच लागली असती. म्हणजे घराचं जे, तेच डोशाचं. मोजून बघितलं तर माझ्या महिन्याच्या कॉफ्या मिळून त्या न दिसणाऱ्या 1,540 भाड्याच्याही खाली राहतात. कॉफी निर्दोष सुटली.

तिसरा खर्च वर्षाचा. आरोग्य विमा 12,000. सणावाराला घरी जाणं आणि आहेर 24,000. कपडे, चपला 15,000. मोबाइल-फ्रिजची दुरुस्ती 9,000. एकूण 60,000, महिन्याला 5,000. हे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचे, कारण विम्याचा हप्ता नेमका भावकीतल्या लग्नाच्या महिन्यात येतो हे विधिलिखित आहे.

आता सगळी बेरीज: 23,440 अधिक 10,050 अधिक 5,000, म्हणजे 38,490. त्यात भिंतींचा वाटा शेकडा एकसष्ट. मी दहा दिवस उपाशी राहिले तर किराणा, गॅस आणि बाहेरच्या खाण्याचा तिसरा हिस्सा, दोन हजार चारशे वाचतील. भिंती उपास करत नाहीत.

या प्रकाराला जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी आकड्यात बसवलं आहे. वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांची तुलना करायला ओईसीडी या संघटनेच्या नावाने एक मोजपट्टी वापरतात. घरातला पहिला प्रौढ माणूस एक, दुसरा अर्धा, लहान मूल 0.3. आधी दुसऱ्या प्रौढाला 0.7 धरत, नंतर अर्ध्यावर आणलं. जिथे खर्चाचा मोठा भाग अन्नाचा असतो तिथे जुना आकडा जास्त जवळचा, कारण पोट कोणी अर्धं आणत नाही. जिथे भाडं मोठं तिथे नवा. राजाजीनगर दुसऱ्या प्रकारातलं. या हिशेबाने माझ्यासारखंच राहायला समोरच्या दोघांना 38,500 ची दीडपट, म्हणजे 57,750 लागतील. माणशी 28,875. मला त्यांच्यापेक्षा महिन्याला 9,600 च्या वर जास्त लागतात, ते केवळ मी दोन नसल्याबद्दल.

हा आकडा मी कौतुकाने मावशीला सांगितला. मावशी म्हणाली, "मग लग्न कर की! वाचतील तेवढे." सूचना आर्थिक होती, म्हणून मी ती आर्थिक दृष्टीनेच तपासली. बेळगावात बरं कार्यालय, जेवण, दागिने, मानपान मिळून आमच्या बाजूने बारा लाख धरले. भागिले 9,600. एकशे पंचवीस महिने. म्हणजे लग्नाचा खर्च निघायला दहा वर्षं पाच महिने, तेही नवऱ्याची भाड्यातली निम्मी वर्गणी वेळेवर येत राहिली तर. मावशीने हिशेब शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "रजिस्टर कर." मावशीला आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं.

दुसरा मार्ग मैत्रिणीबरोबर राहण्याचा. या भागात दोन बेडरूमचं घर 26,000 ला मिळालं तर माणशी 13,000, म्हणजे पाच हजार लगेच वाचले. इंटरनेट निम्मं, अक्का निम्म्या, फ्रिज निम्मा, आणि सिलिंडरला घरी असण्याची शक्यता दुप्पट. हे सगळं खरं असूनही मी ते करत नाही. एका खोलीत फोनवर बोलताना आवाज खाली आणायचा आणि सिंकमधल्या कढईवरून चिठ्ठी लिहायची, हे मी हॉस्टेलात केलेलं आहे. म्हणून माझ्या वहीत हा खर्च आता भाड्याखाली लपलेला नाही. भाडं लिहिलं 13,000, आणि खाली स्वतंत्र ओळ, 'दार लावून बसण्याचे: 5,000.' ही हौस आहे, महाग आहे, परवडते तोवर विकत घेते. एकदा ही ओळ डोळ्यांसमोर आली की सोडायचं काय हे नीट कळतं. उद्या ओढाताण झाली तर सोडायची ती ही ओळ. डोशातलं लोणी सोडून पाच हजार वाचत नाहीत.

राहता राहिले 13,510. यातले गुंतवणुकीला किती आणि कशात, यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एकट्या माणसाने त्याआधी एक काम उरकायचं असतं. समोरच्या घरात एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याचा पगार भिंती धरून ठेवतो. माझ्या घरात नोकरी गेली तर सगळंच जातं, आणि आंटींचा अ‍ॅडव्हान्स अशा वेळी उपयोगाचा नाही, कारण तो मिळवायला घरच सोडावं लागतं. म्हणजे जो दुसरा पगार घरात नाही, तो आधी उभा करायचा. नोकरी नसताना हात आखडून महिन्याला 30,000 धरले, सहा महिन्यांचे 1,80,000. महिन्याला 8,000 टाकत गेलं की जवळपास दोन वर्षांत होतात. सगळे एका मुदतठेवीत अडकवायचे नाहीत. एक महिन्याचे बचत खात्यात, बाकीचे छोट्या छोट्या ठेवींत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडायची. उरलेले 5,510 खुशाल गुंतवावेत.

माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ठेवीला आपल्या पसंतीचं नाव देता येतं. लोक 'कार', 'युरोप' वगैरे देतात. मी 'मिस्टर' दिलं. त्याचा फायदा परवा भावकीतल्या लग्नात झाला. एका काकूंनी जेवणाच्या पंगतीत मोठ्याने विचारलं, "तुझे मिस्टर काय करतात गं?"

"बँकेत असतात," मी म्हटलं. "सहा टक्क्यांवर."

काकूंना टक्केवारी ऐकू गेली नसावी. "सरकारी बँक का?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघून पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगितली.